बेचाळीसचा पट्टा बेचाळीसला बसेना

मैत्रिणींनो, मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा हा काय लेख लिहिण्याचा विषय झाला, असं तुम्ही म्हणाल. परवापरवापर्यंत मीही तेच म्हटलं असतं. पण या पट्ट्यापायी आमच्या घरात पंधरा दिवस जी धुसफूस झाली आणि माझे सातशे रुपये पाण्यात गेले, ती हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही.

झालं असं. गेल्या दिवाळीत सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. आम्ही सगळे अंगणात, आत कुणी नाही. अर्ध्या तासानं कळलं. हाड मोडलं नाही हे नशीब. पुण्याच्या लेकीनं ते ऐकलं मात्र, आणि आजीसाठी ॲपलचं स्मार्टवॉच घेऊन आली. ‘सिरीज १०’, लहान मापाचं, ४२ मिलिमीटरचं. माणूस जोरात पडलं आणि मिनिटभर हललं नाही, तर हे घड्याळ आपण होऊन मदतीच्या नंबराला फोन लावतं आणि घरच्यांनाही निरोप धाडतं. आमचं साधं, सिमकार्ड नसलेलं, म्हणून फोन जवळपास लागतो. ते ठीक. पण मुख्य म्हणजे घड्याळ मनगटावर हवं! फळीवर ठेवलेल्या घड्याळाला कोण पडलं ते काय कळणार?

आणि इथंच घोडं अडलं. औशाचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. रबरी पट्ट्याखाली घाम साचून सासूबाईंच्या मनगटाला घामोळं आलं. “काढ गं बाई हे, हात सोलून निघाला माझा,” म्हणून त्यांनी घड्याळ देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलं, ते तिथंच.

मला आठवलं, ह्यांचं जुनं घड्याळ कपाटात पडून आहे. तेही त्याच कंपनीचं, ‘सिरीज ३’. पाठीवर स्पष्ट ४२ लिहिलेलं. त्याचा पट्टा मऊ कापडी, हवा खेळणारा. म्हटलं, बेचाळीसचा बेचाळीसला बसणार, यात विचारायचं काय?

या घड्याळांना आपल्या जुन्या घड्याळासारखी पट्टा अडकवायची काडी नसते. केसच्या वरखाली दोन आडव्या खाचा असतात आणि पाठीमागं दोन छोटी बटणं. बटण दाबून धरलं की पट्टा बाजूला सरकून निघतो, आणि नवा तसाच बाजूनं सरकवायचा. मी सरकवायला गेले, तर टोक खाचेच्या तोंडाशीच अडलं. उलटं करून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. छे! मला वाटलं, जुना पट्टा फुगला असेल. म्हणून मोबाईलवरून नवा कापडी मागवला. ४२ असं बघूनच मागवला बरं का. तोही अडला. पुडकं फोडलेलं, परत घेईनात.

शेवटी दोन्ही पट्टे आणि घड्याळ पिशवीत घालून बाजारातल्या आमच्या नेहमीच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. ह्यांनी निघताना सुचवलं होतं, “टोकं जरा कानशीनं घासून घे.” काकांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. त्यांनी अडलेल्या पट्ट्याचं टोक आणि घड्याळासोबत आलेल्या रबरी पट्ट्याचं टोक शेजारीशेजारी धरलं. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

“वहिनी,” ते म्हणाले, “बेचाळीस दोन हायत. एक जुनं थोरलं अन् एक नवं धाकटं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. हे ४२ म्हणजे पट्ट्याची रुंदी नव्हेच. ती घड्याळाच्या केसची उभी लांबी. २०१५ साली ही घड्याळं निघाली तेव्हा लहान ३८ चं होतं आणि मोठं ४२ चं. पुढं पडदा मोठा होत गेला तशी केसही वाढली. २०१८ मध्ये लहान ४० आणि मोठं ४४ झालं, २०२१ मध्ये ४१ आणि ४५, आणि २०२४ च्या सिरीज १० मध्ये लहान ४२ आणि मोठं ४६. म्हणजे वाढतावाढता धाकट्यानं थोरल्याचा जुना आकडा गाठला. पण पट्ट्याच्या खाचेची मापं कंपनीनं पहिल्यापासून दोनच ठेवली आहेत, लहानाची एक आणि मोठ्याची एक. घरातली धाकटी उंचीनं थोरलीच्या दोन वर्षांपूर्वीच्या खुणेला पोचली, तरी थोरलीच्या बांगड्या तिच्या हातात बसतीलच असं नाही, तसंच हे.

“घरात याच कंपनीचं चाळीसचं कुणाचं हाय का?” काकांनी विचारलं. होतं की! धाकट्या लेकीचं ‘एसई’, ४० चं, तिच्याच हातात. ती माझ्याबरोबर आलेली. तिचा विणलेला कापडी पट्टा काढून काकांनी सिरीज १० मध्ये सरकवला. टक् आवाज झाला आणि बसला. बेचाळीसला बेचाळीस बसेना अन् चाळीस बसला! मी बघतच राहिले.

आता खरेदीच्या वेळी ओळखायचं कसं, ते मी माझ्या सातशे रुपयांत शिकले. पट्ट्याच्या पाकिटावर सहसा एकच आकडा नसतो, ओळ असते. त्या ओळीत ४२ चे शेजारी कोण आहेत ते बघा. ३८, ४०, ४१ असतील तर तो लहान खाचेचा. ४४, ४५, ४६, ४९ असतील तर मोठ्या खाचेचा. माझ्या फोडलेल्या पाकिटावर ४४ अन् ४५ छापलेलं होतं. मी बाई फक्त ४२ वाचलं. आणि नुसतंच ४२ लिहिलेलं असेल, तर कुठल्या सिरीजसाठी हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्या घड्याळाची सिरीज ठाऊक नसेल तर घड्याळात Settings, मग General, मग About उघडा. तिथल्या Model Number वर बोट ठेवलं की A नं सुरू होणारा नंबर दिसतो, तो दुकानदाराला दाखवा.

मोठा पट्टा लहान खाचेत अडतो, ते एका परीनं बरंच, निदान कळतं तरी. धोका आहे तो उलट प्रकारात. लहान पट्टा मोठ्या खाचेत शिरतो, बसल्यासारखाही वाटतो, आणि बसमध्ये दांडी धरली की घड्याळ खाली. म्हणून टक् आवाज ऐका. आला नाही तर पट्टा थोडा डावी-उजवीकडे हलवून मध्यावर आणा. मग बटण न दाबता बाजूला ओढून बघा, जागचा हलता कामा नये. केसच्या कडेला पट्ट्याचं टोक बाहेर आलेलं किंवा आत दबलेलं दिसलं, तर तो आपला नव्हेच.

इतर बऱ्याच कंपन्यांच्या घड्याळांना मात्र आपली जुनी काडीच असते. तिथं आकडा खरोखर पट्ट्याच्या रुंदीचा, बहुधा २० किंवा २२ मिलिमीटर. केसच्या दोन शिंगांमधलं अंतर पट्टीनं मोजा. शिवणाच्या टेपनं मोजू नका, ती ताणते.

धाकटीनं आपला पट्टा आजीला देऊन टाकला आणि आजीचा रबरी आपल्या घड्याळाला लावला. मी मागवलेला पट्टा जाऊबाईंच्या मुलाच्या ४४ च्या घड्याळाला नेमका बसला. सासूबाई आता घड्याळ फक्त रात्री काढतात, चार्जिंगला. न्हाणीघरात जाताना मात्र मी बाहेरून विचारतेच, “आई, हातात आहे ना?” आणि आतून रागावलेला आवाज येतो, “आहे गं बाई, आहे!”