मेसेजच्या शेवटचा पूर्णविराम

पुण्यात शिकणारी भाची मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवते, "मावशी, या शनिवारी जमत नाहीये, सबमिशन आहे." उत्तर येतं, "बरं." एवढंच. मावशी रागावली असं धरून भाची लगेच फोन लावते. मावशीच्या मनात तर काहीच नसतं. वाक्य संपलं की टिंब द्यायचं, हे शाळेत शिकवलं होतं, म्हणून तिने ते दिलं.

भाचीला वाटलं त्यात तिचा हळवेपणा कमी आणि माध्यमाचा स्वभाव जास्त आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. हा अभ्यास 2015 च्या अखेरीस चर्चेत आला. त्यांनी 126 विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एकजण काही सांगून आमंत्रण देतो, दुसरा एका शब्दात होकार देतो. काही होकारांपुढे पूर्णविराम होता, काहींपुढे नव्हता. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असलेला होकार विद्यार्थ्यांना कमी मनापासूनचा वाटला. पण तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवले, तेव्हा हा फरक दिसला नाही. म्हणजे दोष टिंबाचा नाही, ते कुठे उमटलं याचा आहे.

कारण समजायला सोपं आहे. कागदावर एक वाक्य कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे सांगायला दुसरी सोय नसते. मोडीत वाक्यं सलग लिहीत. आजची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. छापील मजकुराला या चिन्हांची गरज होती. मोबाइलवर मात्र 'सेंड' दाबलं की मेसेजचा फुगा तिथेच बंद होतो आणि वाक्य संपल्याचं डोळ्यांना दिसतं. तरीही कुणी टिंब दिलं, तर वाचणारा त्याचं कारण शोधतो. बोलताना आवाज खाली आणून "बरं" म्हणून विषय मिटवावा, तसं ते कानात वाजतं.

शेवटची ही मोकळी जागा आता इमोजीने घेतली आहे. जपानमध्ये हे ठळक दिसतं. 1999 मध्ये तिथल्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी 176 छोट्या चित्रांचा संच केला. जपानी मेसेजमध्ये वाक्याच्या शेवटी गोल पूर्णविरामाऐवजी इमोजी टाकून थांबण्याची सवय आहे. 2024 च्या सुरुवातीला तिथे 'मारुहारा' या शब्दाची बरीच चर्चा झाली. वरिष्ठांच्या मेसेजमधला तो गोल पूर्णविराम तरुणांना धाक घातल्यासारखा वाटतो, अशी ती तक्रार होती.

मग दोन्ही एकत्र आले तर? "बरं 🙂" यात हसू शब्दालाच लागून येतं. "बरं. 🙂" मध्ये आधी दार लागतं आणि हसू मागाहून येतं. वाईट वाटलंय, पण दाखवायचं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यातून 🙂 हे मिटल्या ओठांचं हसू अनेक तरुणांना मुळातच ओढूनताणून आणलेलं वाटतं. गाल लाल झालेलं 😊 त्या मानाने मोकळं. "बरं 🙂." असं इमोजीनंतर टिंब आलं, तर नजर शेवटी टिंबावरच थांबते आणि हसू वाया जातं. मेसेज लांबला की ही धार बोथट होते. "उद्या सकाळी 9 ला निघते. डबा नको करूस. 😊" यातली दोन्ही टिंबं कुणाला खुपत नाहीत, कारण वाक्यांतूनच मायेचा सूर लागलेला असतो. अडचण होते ती एका शब्दाच्या उत्तरात, कारण तिथे सूर ओळखायला दुसरं काहीच नसतं.

काही ठिकाणी तर पूर्णविरामच शोभतो. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी येते आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली. 🙏" असे मेसेज जमतात. तिथे तो कुणालाही तुटक वाटत नाही. भाषाभ्यासक ग्रेचेन मॅककुलक यांनी हे नेमकं टिपलं आहे: पूर्णविराम गांभीर्य आणतो, म्हणून गंभीर मजकुराला तो साजतो आणि आनंदाच्या किंवा होकाराच्या मजकुराशी त्याचं जुळत नाही.

राग खरंच आहे का, हे एका टिंबावरून ठरवता येत नाही. अनेक फोनांत स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आपोआप पडतो. त्यापेक्षा त्याच माणसाचे मागचे दहा-बारा मेसेज वर सरकवून पाहावेत. मावशी "पोचले." आणि "जेवलीस का." असंच नेहमी लिहीत असेल, तर "बरं." मध्ये शोधण्यासारखं काही नाही. पण एरवी "बरं गं 😊" लिहिणाऱ्या मावशीचं आज नुसतं "बरं." आलं असेल, तर भाचीने फोन लावला ते योग्यच केलं.