डावीकडचे बारा, उजवीकडचे आठ

लॅट पुलडाऊन. विंग्स. ४ सेट. १२-१०-८-८. रेस्ट १.५ मि.

पनवेलच्या एका जिमच्या भिंतीवर लावलेल्या फ्लेक्सवरची ही एक ओळ. तक्त्यात अशा चाळीसेक ओळी होत्या. तो मागितला होता त्याच जिममध्ये घडलेल्या एका तरुण ट्रेनरनं. आता तो ओमानमध्ये नोकरी करतो. तिथं शिकायला येणाऱ्या पोरांना तो आपल्या सरांच्याच पद्धतीनं शिकवतो, पण त्यांना मराठी-इंग्रजीची सरमिसळ कळत नाही. म्हणून त्यानं इथल्या एका मित्राकरवी भिंतीचा फोटो काढवून घेतला आणि मला पाठवला. ‘मॅडम, एवढं अरबीत करून द्या, शब्द थोडेच आहेत.’

शब्द थोडेच होते, ते खरंच. रायगड जिल्ह्यातून आखातात जाणाऱ्यांची कागदपत्रं करताना मला पानंच्या पानं अरबी लिहावी लागते: जन्मदाखले, पदव्या, दवाखान्याचे अहवाल. त्या कागदांत वाक्यं असतात, आणि एखादा शब्द सैल पडला तर आजूबाजूचं वाक्य त्याला सावरून घेतं. तक्त्यात वाक्यच नसतं. असतात ते आकडे, आडव्या रेघा आणि एकेकटे शब्द, आणि ते वाचणारा माणूस हातात वजन घेऊन उभा असतो.

पहिली अडचण अरबीची नव्हती, फोटोची होती. फ्लेक्स चकचकीत, वर ट्यूबलाइट, त्यामुळे मधल्या तीन ओळींवर पांढरा पट्टा पडला होता. खालची ओळ डंबेलच्या रॅकमागे अर्धी गेली होती. तक्ता देवनागरी आकड्यांत होता आणि धूसर फोटोत १ आणि ९ एकमेकांच्या जागी सहज बसतात. एके ठिकाणी छापील आकडा मार्करनं खोडून त्यावर दुसरा लिहिला होता. अशा वेळी अंदाजानं भरायचं नसतं. मी मित्राला फोटो पुन्हा काढायला लावले: फ्लॅश बंद, तक्त्यासमोर सरळ उभं राहून, एका वेळी सहा-सात ओळी, चमक येते तिथं एक पाऊल बाजूला सरकून. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर आकड्यांच्या कडा दाबल्या जातात. मग अरबीला हात न लावता आधी मराठीतच सगळा तक्ता टाइप केला, प्रत्येक ओळीला क्रमांक दिला आणि तो ओमानला पाठवला. मार्करचा आकडा खरा की छापील, हे त्यानंच सांगायचं. मार्करचा खरा निघाला.

या नकलेवरच आणखी प्रश्न सुटले. ‘लंजेस ३×१२’ म्हणजे एका पायाला बारा की दोन्ही मिळून बारा? पनवेलच्या भिंतीवर हे लिहायची गरज नसते, सर शेजारी उभे असतात. उत्तर आलं, एका पायाला बारा. अरबी तक्त्यात ‘प्रत्येक पायासाठी’ असं स्पष्ट लिहिलं, मूळ तक्त्यात नसलं तरी.

आता पहिल्या ओळीकडे येते, कारण बहुतेक खाचखळगे त्या एकाच ओळीत आहेत.

‘१२-१०-८-८’ याचा अर्थ पहिल्या सेटला बारा वेळा, मग वजनाची एक प्लेट वाढवून दहा, आणखी एक वाढवून आठ, आणि शेवटी त्याच वजनावर पुन्हा आठ. वजन चढतं तशी मोजणी उतरते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण एखाद्या संख्येतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच असतात, बारा हे बाराच दिसतात. प्रश्न येतो तो चार संख्या डॅशनं जोडल्यावर. ही रांग आता कोणत्या बाजूनं मांडायची, हे संगणक स्वतः ठरवतो, आणि त्याचा नियम वरून दिसत नाही.

इंग्रजी आकडे आणि साधा डॅश तक्त्याच्या चौकटीत एकटे टाइप केले, तर संगणक सगळी रांग एकच संख्या असल्यासारखी धरतो आणि डावीकडून मांडतो. बारा डावीकडे जातो. अरब वाचकाची नजर उजवीकडून येते, तिला आधी आठ भेटतो: आठ, आठ, दहा, बारा. तो प्रत्येक सेटला प्लेट वाढवणार आणि सगळ्यांत जड वजनावर बारा वेळा ओढणार. पण त्याच चौकटीत आकड्यांच्या आधी एखादा अरबी शब्द लिहिला, की तीच रांग, तेच आकडे, उलट्या बाजूनं मांडले जातात आणि बारा उजवीकडे येतो. म्हणजे एका ओळीत बरोबर दिसलं म्हणून पुढची ओळ बरोबर असेल, असं धरता येत नाही. गुणाकाराच्या खुणेचं तसंच. खरं गुणिले चिन्ह असेल तर रांग उजवीकडून लागते, कीबोर्डवरचं एक्स हे अक्षर वापरलं तर डावीकडून. त्या तक्त्यात स्क्वॉटची ओळ तेवढी ५×५ होती, तिला कुठूनही वाचा.

बाजू फिरवणाऱ्या अदृश्य खुणा टाइप करून हे दुरुस्त करता येतं. मी करत नाही. फाइल पुढं कोणी कॉपी केली, की त्या खुणा गळून पडू शकतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा डॅशच काढून टाकलेला बरा. मी प्रत्येक सेटला वेगळा स्तंभ केला: पहिला सेट, दुसरा, तिसरा, असे पुढं. सर्वांत उजवीकडे व्यायामाचं नाव, मग डावीकडे ओळीनं एकेक सेट, प्रत्येक चौकटीत एकच आकडा. ‘८-१२’ अशी मर्यादा होती तिथं ‘आठपासून बारापर्यंत’ हे शब्दांत, ‘मिन’ आणि ‘इला’ घालून. गुणाकार तक्त्यातून हद्दपार.

स्तंभ केल्यानं व्याकरणाचंही एक काम हलकं झालं. अरबीत तीन ते दहापर्यंत मोजलेली वस्तू अनेकवचनी, अकरापासून नव्याण्णवपर्यंत पुन्हा एकवचनी. दहा ‘तकरारात’, पण बारा ‘तकरारन’. दोन असतील तर द्विवचन. प्रत्येक चौकटीत हे सांभाळत बसण्यापेक्षा शीर्षकात एकदाच ‘आवर्तनांची संख्या’ लिहिलं आणि खाली नुसते आकडे ठेवले.

आकडे कोणते, यावर आमचा वाद झाला. ट्रेनरला अरबी वळणाचे हवे होते, तक्ता सगळा अरबी दिसावा म्हणून. पण अरबी पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा एक गोळा, आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी डोळ्याला त्यांचे पंधरा दहा दिसतात. हा ट्रेनर स्वतःच तो तक्ता रोज वाचणार होता! शिवाय साठ सेकंदांतला ठिपका छपाईत पुसट आला तर विश्रांती सहा सेकंदांची होते. ओमानमधल्या वाचकाला दोन्ही वळणं येतात आणि डंबेलवर, प्लेटवर, मशीनवर इंग्रजी आकडेच कोरलेले असतात. जे लोखंडावर तेच भिंतीवर असावं, असं मी म्हटलं. शेवटी त्यानं मानलं, पण वरच्या मोठ्या शीर्षकातलं वर्ष अरबी आकड्यांत घालून घेतलंच.

ठिपक्याचा त्याहून मोठा धोका विश्रांतीच्या रकान्यात होता. ‘१.५ मि.’ अरबी आकड्यांत लिहून मध्ये आपला टिंब दिला, तर तो टिंब शून्य म्हणून वाचला जातो आणि दीड मिनिटाची एकशे पाच मिनिटं होतात. अरबीत दशांशाला स्वल्पविरामासारखी वेगळी खूण आहे, पण जिममध्ये घामेजल्या डोळ्यांनी वाचताना तिच्यावर भरवसा कशाला? सगळा वेळ सेकंदांत आणला: ९०, ६०, ४५. मिनिटं-सेकंदांसाठी वापरतात त्या वरच्या एकेरी-दुहेरी खुणाही काढल्या. आणि ‘रेस्ट’ हा एकच शब्द मूळ तक्त्यात दोन अर्थांनी आला होता: दोन सेटमधली विश्रांती आणि एक व्यायाम संपून दुसरा सुरू होण्याआधीची. ट्रेनरकडून खात्री करून त्याचे दोन वेगळे रकाने केले.

आता ‘विंग्स’. आपल्याकडे जिममध्ये पाठीच्या बाजूच्या रुंद स्नायूंना सगळे विंग्सच म्हणतात. शब्दकोश उघडून ‘अजनिहा’ लिहिलं तर अरबाला पक्ष्याचे पंख दिसतील. शरीरशास्त्रातलं नाव म्हणजे पाठीचा रुंद स्नायू, आणि अरबी जिममध्ये चालतो तो शब्द ‘मजानिस’. मी दोन्ही दिले, वर शास्त्रीय, खाली बारीक अक्षरात बोलीतला. पोटरीला प्रमाण अरबीत ‘रब्ला’, इजिप्तचा ट्रेनर ‘सम्माना’ म्हणतो, तर काही देशांत ‘बत्ता’, म्हणजे चक्क बदक. आखाती जिममध्ये शेजारी कोण उभा असेल सांगता येत नाही, म्हणून नावाशेजारी शरीराची छोटी आकृती आणि तो भाग रंगवलेला, हा उपाय मला शब्दापेक्षा पक्का वाटतो.

खरी दमछाक मात्र साध्या शब्दांनी केली. मराठी ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा, ‘पाय’ही कमरेपासून तळव्यापर्यंत. अरबीत तक्त्यासाठी ते तोडावे लागतात: ‘यद’ पंजासाठी, ‘ज़िराअ’ बाहूसाठी, ‘साइद’ कोपराखालचा भाग. ‘साक’ नीट अर्थानं गुडघ्याखालचा भाग, ‘फख़िज़’ मांडी. मूळ तक्त्यात ‘पाय सरळ’ अशी सूचना तीन ठिकाणी होती. एकीकडे गुडघा न वाकवणं अभिप्रेत होतं, दुसरीकडे पावलं समोर ठेवणं, तिसरीकडे दोन्ही. एकच शब्द तिन्हीकडे घालणं सोपं होतं, पण ते चुकीचं झालं असतं. प्रत्येक ठिकाणी चित्र पाहून मगच शब्द घातला.

चित्रांचंही बाजूचं गणित होतं. प्रत्येक व्यायामाला दोन चित्रं, डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट. अरब वाचक उजवीकडचं आधी पाहणार, म्हणून चित्रांची जागा बदलली. चित्र आरशासारखं उलटवलं मात्र नाही, कारण मग उजव्या हातातलं डंबेल डाव्यात जातं. वारही काढले. आपला तक्ता सोमवारपासून, रविवारी सुट्टी. अरबीत सोमवारचं नावच ‘दुसरा’ या अर्थाचं आहे आणि तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. ‘पहिला दिवस’ ते ‘सहावा दिवस’ असं लिहिलं. वार ट्रेनर ठरवेल.

छपाई पनवेललाच झाली, मित्र जाणार होता त्याच्याबरोबर गुंडाळी पाठवायची म्हणून. फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला, तर अरबी अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमानं लागतात. अरबी न येणाऱ्यालाही हे ओळखता येतं: ‘सद्र’सारख्या शब्दात आधीची अक्षरं एकमेकांना जोडलेली हवीत, प्रत्येक अक्षर वेगळं उभं असेल तर फाइल बिघडलेली आहे. म्हणून मी मजकूर दिला नाही, अक्षरांचे आकार गोठवलेली पीडीएफ दिली. प्रूफ आल्यावर ओमानच्या ट्रेनरला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं जिममधल्या एका ओमानी मुलाला समोर बसवलं आणि त्या मुलानं पडद्यावर पाहून फक्त आकडे मोठ्यानं वाचले, मी मराठी नकलेवर बोट ठेवून जुळवत गेले. लॅट पुलडाऊनच्या ओळीवर त्यानं बारा, दहा, आठ, आठ म्हटलं आणि पुढं नव्वद. सगळ्या ओळी जुळल्यावर दुकानदाराला छापायला सांगितलं, मॅट फ्लेक्सवर. चकचकीत नको, तिथंही वर ट्यूबलाइट असणारच.