मोदकाचा आलेख आणि मखाण्याची बातमी

सप्टेंबर 2025 चा अहवाल उघडला तेव्हा मला वाटलं, आपली साइट बंद पडली. ऑगस्टमध्ये आलेखाची रेघ डोंगरासारखी चढलेली आणि सप्टेंबरमध्ये थेट दरीत. मागच्या वर्षी, 2024 मध्ये, हाच डोंगर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. मराठी पाककृतींची एक छोटी साइट, तिथे मी नुकतीच उपसंपादक म्हणून लागलेली. संपादक ताईंना घाबरत घाबरत अहवाल दाखवला, तर त्या म्हणाल्या, "अगं, गणपती कधी होते ते बघ की आधी."

2024 ची गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि 2025 ची 27 ऑगस्टला. सगळ्या जगाचे तक्ते इंग्रजी महिन्यांची तुलना करतात आणि आमचे वाचक तिथीनुसार मोदक शोधतात. ताईंनी सर्च कन्सोलमध्ये तारखा हाताने घालून दिल्या : 24 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर 2024 एका बाजूला, 13 ते 27 ऑगस्ट 2025 दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन्हीकडे चतुर्थीपर्यंतचे पंधरा दिवस. दरी नाहीशी झाली. पण तिच्याखाली एक वेगळं दुखणं दिसलं, ते पुढे सांगते.

मला दिलेलं काम असं होतं : जुन्या लेखांमधले सर्वाधिक वाचले गेलेले निवडायचे आणि ते पुन्हा उभे करायचे. ताईंकडे वर्षानुवर्षांच्या आकड्यांची एक एक्सेल शीट होती. तिच्यात सगळ्यात वर डालगोना कॉफी! 2020 च्या टाळेबंदीत अख्खं जग कॉफी आणि साखर घोटत बसलं होतं, तेव्हाचा तो लेख. त्याच्याखाली उकडीचे मोदक. मी साहजिकच विचारलं, मग कॉफीपासून सुरुवात करू का?

ताईंचं उत्तर मला पूर्ण कळायला बरेच दिवस गेले. लेख दोन कारणांनी उतरतो. एक तर लोकांनी ती गोष्ट शोधणंच सोडलेलं असतं, नाहीतर लोक शोधतायत पण त्यांना दुसऱ्याचा लेख आधी दिसतोय. पहिल्यात आपल्या हातात काही नाही, दुसऱ्यात आहे. ओळखायचं कसं? सर्च कन्सोलमध्ये `Impressions` म्हणजे निकालात आपण किती वेळा दिसलो, आणि `Average position` म्हणजे सरासरी कितव्या जागी. जागा तीच आणि दिसणं आटलेलं, तर मागणी मेली. जागा घसरलेली, तर लेख म्हातारा झाला. यातही एक फसगत आहे. लेख निकालांच्या दुसऱ्या पानावर गेला की तिथवर फारसं कुणी जात नाही, त्यामुळे दिसण्याचा आकडाही पडतो आणि मागणी संपल्यासारखं वाटतं. म्हणून गूगल ट्रेंड्समध्ये तोच शब्द घालून पाहायचा. डालगोनाची रेघ तिथे 2020 च्या एप्रिलच्या आसपास सुळकन वर जाते आणि उतरते ती उतरतेच. मोदकाची रेघ दर वर्षी गणपतीत शिखर गाठते, आणि संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, छोटे उंचवटेही दिसतात. कॉफी तशीच सोडली.

मोदकाचं दुखणं असं, की दिसण्याचा आकडा जवळपास तोच होता, पण जागा पहिल्या पाचातून आठ-नऊवर आली होती. कारण शोधायला मी त्या लेखावर येणारे शोधशब्द पाहिले आणि थक्क झाले. निम्म्याहून जास्त रोमन लिपीत! `ukadiche modak recipe in marathi` हे अपेक्षितच. पण त्याखाली मोदक का फुटतात, पिठाला पाणी किती, उकड चिकट झाली तर काय, असे प्रश्न होते. आमच्या लेखात यांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. सुरुवातीला चार परिच्छेद गणपतीचं माहात्म्य, आणि मग "अंदाजाने पाणी घ्या".

दुसरी भानगड पत्त्यात निघाली. दर गणपतीला कुणीतरी हौसेने नवा लेख टाकला होता, पत्त्यात सालासकट. एकाच पदार्थाचे तीन लेख एकमेकांशीच भांडत होते आणि गूगल कधी हा दाखवी, कधी तो. आम्ही सर्वात जुना, साल नसलेला पत्ता ठेवला, इतरांमधलं उपयोगी तेवढं त्यात आणलं आणि बाकीचे पत्ते कायमचे त्याच्याकडे वळवले :

```
Redirect 301 /modak-2022 /ukadiche-modak
Redirect 301 /modak-2023 /ukadiche-modak
```

मग लेख. मी तो घरी आईबरोबर करून पाहिला. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, पीठ जुनं आणि कोरडं असेल तर दोन-तीन चमचे जास्त. पाण्यात मीठ आणि तूप. पीठ घालून झाकण ठेवून वाफ. आणि मळायचं ते गरम असतानाच, तेल-पाण्याचा हात लावून. मोदक फुटण्याची मुख्य कारणं इथेच आहेत : पाणी कमी, मळणं कमी, किंवा पारी कडेला जाड आणि मध्ये पातळ. हे सगळं वर आणलं, माहात्म्य खाली गेलं. कळ्या कशा काढायच्या याचे नवे फोटो घातले. तारीख बदलली ती एवढं काम झाल्यावर. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख पुढे सरकवणं ही वाचकाची फसवणूक आहे आणि गूगललाही ते मान्य नाही.

आता बातमीवजा लेखांचं. जुने आकडे चाळताना 1 फेब्रुवारी 2025 या दिवशी मला दोन उंचवटे शेजारीशेजारी दिसले. त्या दिवशी माघी गणेश जयंती होती आणि त्याच दिवशी अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाणा मंडळाची घोषणा झाली. मखाण्यावरचा आमचा लेख दोन दिवस धावला आणि संपला. पण त्याच्या मध्यावर मखाण्याच्या खिरीच्या जुन्या लेखाचा दुवा होता, आणि ती खीर नंतरही वाचली जात राहिली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : ज्या बातमीला जोडायला बारमाही लेख नाही, ती घ्यायची नाही, कितीही गाजत असो. मला आधी हा नियम कंजूष वाटला. पण आम्ही तिघीजणी, आणि ताज्या विषयात मोठ्या वृत्तपत्रांच्या आधी पोचणं आमच्या आवाक्यातलं नाही. आमचा बहुतेक वेळ जुन्या लेखांना जातो, तेच बरोबर आहे.

मोदकाची पहिली परीक्षा 6 जानेवारी 2026 च्या अंगारकीला आणि 22 जानेवारीच्या गणेश जयंतीला झाली. जागा पुन्हा पहिल्या पाचात आली. क्लिक वाढले, पण जागा सुधारली त्या मानाने कमीच. गूगल आता बरीच उत्तरं निकालाच्या पानावरच देऊन टाकतं, त्याला आमच्याकडे औषध नाही. खरी परीक्षा भाद्रपदात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे मागच्यापेक्षा अठरा दिवस उशिरा येते. लेखाची शेवटची उजळणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात करायची ठरली आहे, कारण बदल गूगलच्या नजरेत भरायला काही आठवडे लागू शकतात.

तुमचीही अशी साइट असेल तर एक काम आजच करा : सर्च कन्सोलमधले आकडे उतरवून घ्या. तिथे फक्त सोळा महिन्यांचे राहतात. तीन गणपतींची तुलना करायची असेल, तर पहिल्याचे आकडे तुमच्या स्वतःच्या शीटमध्येच असायला हवेत.