बॅनर थांबवून काढलेले तीन शनिवार-रविवार

आमच्या पुतण्याने बॅनर करूनसुद्धा टाकला होता. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात वाफाळती हंडी आणि खाली ओळ : ‘दर सोमवार, बुधवार, शुक्रवार’. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला तो सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा होता. म्हसळ्यापासून कुवेतपर्यंत आमचे नातेवाईक पसरलेले, त्यामुळे एकदा पाठवला की परत घ्यायची सोय नव्हती.

आम्ही दोघी जावा नेरूळला राहतो. थोरली घरी शिवणकाम करते, धाकटी शाळेत शिकवते. चॅनल काढायचं कारण आमच्या सासूबाई, अम्मी. सांदण, आखणी, तांदळाच्या भाकरी, ईदचा शिरखुर्मा हे सगळं त्यांच्या हातात आहे, कागदावर काहीच नाही. गेल्या वर्षापासून गुडघ्यांमुळे त्यांना चुलीपुढे दीड तासापेक्षा जास्त बसवत नाही. तेव्हा वेळ आहे तोवर टिपून ठेवावं, एवढाच विचार होता.

बॅनर बघून अम्मी म्हणाल्या, “आठवड्यातून तीनदा? मला विचारलंत?” आम्ही पटकन “इन्शाअल्लाह” म्हणून मोकळ्या झालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “आधी हिशोब करा, मग इन्शाअल्लाह म्हणा.”

म्हणून बॅनर थांबवला आणि डिसेंबर 2025 मधले तीन शनिवार-रविवार गुपचूप काम करून पाहायचं ठरवलं. सगळं खरं करायचं, फक्त कुठे टाकायचं नाही. फ्रिजवर एक वही लटकवली. काम सुरू करताना वेळ लिहायची, संपलं की लिहायची.

6 तारखेला आखणी केली. आमचा अंदाज होता : चित्रण एक तास, कापाकापी-जोडणी दोन तास. वहीत चित्रणाला तीन तास वीस मिनिटं निघाली. याचं मुख्य कारण अम्मींचा हात. त्या मसाला मुठीने टाकतात, मीठ चिमटीने. बघणाऱ्याला मूठ सांगून काय उपयोग? म्हणून मसाल्याचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवायचा, अम्मींनी मूठ घातली की पुन्हा ठेवायचा आणि फरक लिहायचा. दर वेळी त्यांचा हात थांबवावा लागे. दोनदा फोन तापून बंद पडला, वाफेने काच सारखी धूसर होई. आठ मिनिटांच्या व्हिडिओसाठी पाऊण तासाहून जास्त चित्रण जमलं आणि ते कापायला मुलं झोपल्यावरच्या चार रात्री, मिळून सहा तास गेले. बाजार, तयारी, भांडी, नाव आणि मुखचित्र धरून एका पदार्थाचे बारा तास झाले.

आठवड्याला तीन म्हणजे छत्तीस तास. आम्हा दोघींचे मोकळे तास प्रामाणिकपणे मोजले तर पंधरा. सोमवार-बुधवार तिथेच गळाले. पण एक तर सहज जमेल, असं वाटलं.

ते तितकंसं खरं नव्हतं, हे पुढच्या दोन आठवड्यांत कळलं. कापाकापी रात्री कितीही वाजता होते. चित्रण तसं होत नाही. त्याला खिडकीतला उजेड लागतो, आमच्या स्वयंपाकघरात तो दहा ते एक एवढाच. त्याच वेळी ओटा रिकामा हवा, आम्ही दोघी हव्यात (एक फोनला, एक वजनकाट्याला), अम्मींचे गुडघे बरे हवेत आणि घरात शांतता हवी. हे सगळं जुळायची शक्यता असलेल्या वेळा आठवड्यात दोनच : शनिवार सकाळ आणि रविवार सकाळ. तीन आठवड्यांत सहा.

त्या सहांचं काय झालं? पहिल्या शनिवारी आखणी. रविवारी दहा वाजता पनवेलहून पाहुणे आले, ओटा गेला. 13 तारखेला सांदण. सकाळी तांदूळ वाटून, नारळाचं दूध, साखर आणि यीस्ट घालून ठेवलं. उन्हाळ्यात ते तीन तासांत फुगतं, या हिशोबाने बाराला वाफवायचं होतं. डिसेंबरच्या गारव्यात बारा वाजता पिठावर दोन-चार बुडबुडे आले होते, बस. पीठ दुपटीला आलं दुपारी चारला, तोवर उजेड गेला. सांदण छान झालं, पोरांनी संपवलं, व्हिडिओ नाही. 14 तारखेला वरच्या घरात भिंतीला भोकं पाडणं चालू झालं. आवाज मागाहून भरता आला असता, पण मग अम्मी बोलताना ऐकू येणार नाहीत आणि त्या बोलतात तेच तर टिपायचं आहे. 20 तारखेला भाकरी आणि बोंबलाचं कालवण झालं. 21 ला पुन्हा सांदण, या वेळी पीठ आदल्या रात्री ठेवलं, सकाळी फुगून तयार.

सहापैकी तीन. यात आमचा आळस एकदाही नव्हता, म्हणूनच तो आकडा आम्ही खरा मानला. म्हणजे आठवड्याला एक. धाकटी म्हणाली, “झालं तर, दर शुक्रवारी जाहीर करू.”

थोरलीने कॅलेंडर काढलं. रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येणार. रोजे असताना सकाळी चित्रण करून मिठाचा अंदाज कोण घेणार आणि अम्मींना त्या महिन्यात चुलीपुढे बसवायचंही नव्हतं. म्हणजे चित्रणाला 3 जानेवारीपासून सात आठवडे. त्यांत आठवड्याला एक धरून सात, हातातले तीन, मिळून दहा. आणि 2 जानेवारीपासून ईदच्या आधीच्या 20 मार्चपर्यंत शुक्रवार किती? बारा. दोन कमी. तेही कुठे कमी, तर अगदी शेवटचे दोन शुक्रवार, जेव्हा घरोघरी शिरखुर्म्याची चौकशी चालू असते. पहिले दहा आठवडे आम्ही वेळेवर दिसलो असतो आणि नेमक्या तेव्हा गप्प झालो असतो. आणि हे सातही आठवडे सुरळीत गेले तरच. एखाद्याला ताप आला, की कमी तीन.

शेवटी ठरलं : महिन्याचा पहिला आणि तिसरा शुक्रवार. पंधरा दिवसांनी म्हटलं की लोक विसरतात, पहिला-तिसरा लक्षात राहतो. 20 मार्चपर्यंत असे सहाच होतात आणि हातात दहा यायला हवेत. चार वरचे. दोन आठवडे पूर्ण वाया गेले तरी बोललेलं मोडत नाही. वरचे उरलेच, तर मधल्या शुक्रवारी न सांगता टाकू, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

पुतण्या नाराज झाला. तीन वारांचा बॅनर जास्त ‘भरलेला’ दिसत होता, असं त्याचं मत. थोडं खरंही आहे ते, आताचा जरा रिकामा दिसतो.

अम्मींना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी 20 मार्चवर बोट ठेवलं आणि विचारलं, “शिरखुर्मा याच दिवशी ना? मग तो करायचा कधी?” चित्रणाचा दिवस 14 फेब्रुवारी लिहिलाय, रोजे लागायच्या आधीचा शनिवार, म्हणजे त्यांना चाखता येईल. शेवया आणि खारका त्याआधी वाशीहून आणायच्या आहेत. चारोळी मात्र त्यांना स्वतः निवडायची आहे, त्यासाठी शुक्रवारची दुपार आम्ही वहीत वेगळी धरली आहे.