ताट रिकामं जाऊ नये

गिरगावातल्या आमच्या चाळीत दिवाळीचा फराळ नरक चतुर्दशीच्या सकाळी आधी देवापुढे जाई, मगच शेजाऱ्यांची ताटं निघत. ताट लावायचं काम आईचं, पोचवायचं माझं. बेसनाचे लाडू मधोमध, चिवडा वाटीत, नाहीतर त्याचं तिखट-मीठ शंकरपाळ्यांना लागतं. कडेने करंज्या आणि चकल्या, वर क्रोशाचा रुमाल. ताटाच्या काठावर आजोबांचं नाव घातलेलं असे. सगळ्या मजल्याची ताटं एकाच सकाळी फिरायची, नाव नसतं तर कुणाचं ताट कुणाच्या फडताळात गेलं ते पुढच्या दिवाळीपर्यंत कळलं नसतं.

दारात काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. आम्हा मुलांनी 'आईने फराळ दिलाय' एवढंच म्हणायचं, आत काय काय आहे ते सांगत बसायचं नाही. आई स्वतः गेली की म्हणे, "घरचंच आहे थोडं, गोड मानून घ्या." समोरून येई, "अहो, कशाला एवढं!" एकीने कमी करून सांगायचं, दुसरीने वाढवून. ताट केवढं आहे ते दोघींना दिसत असे, पण अशा बोलण्याने देणारीचा तोरा राहत नसे आणि घेणारीवर ओझं पडत नसे. रुमाल देणारीच्या समोर उचलून बघायचा नाही, हाही त्यातलाच एक नेम.

खरं बोलणं व्हायचं ते ताट परत येताना. ते रिकामं येत नसे. घरचा फराळ झालेला असला तर तो, नाहीतर निदान चमचाभर साखर. आणि त्यासोबत अभिप्राय. 'सगळं छान झालं होतं' हा अभिप्राय आईच्या लेखी शून्य होता, म्हणजे बाईंनी चाखलंच नाही. 'करंजीचं सारण यंदा खमंग भाजलंय' म्हटलं की तिचा चेहरा खुले. तेलातले बुडबुडे शांत व्हायच्या आत चकली बाहेर काढली की ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते. अशी चकली आली तर तिचा विषय निघत नसे, चिवड्याचं कौतुक होई. देणारीला काय ते कळे. काहीजणी आधीच सांगून टाकत, "अनारसे हसले हो तुपात, म्हणून घातले नाहीत."

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा ही सगळी वाक्यं मला पाठ होती. पण समोरच्या काकूंचे यजमान श्रावणात गेले आणि दिवाळी आली. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तिथे त्या दिवाळीला कढई चढवत नाहीत, फराळ शेजारपाजारचे आणि नातेवाईक देतात. मी ताट भरलं, पण 'गोड मानून घ्या' तोंडातून निघेना. सासूबाई म्हणाल्या, "शुभेच्छा द्यायच्या नाहीत. मुलांसाठी आणलंय म्हण. दारात हातात देऊ नकोस, आत जाऊन ओट्यावर ठेव आणि घटकाभर बस. आणि ताट तूच घेऊन ये दोन दिवसांनी."

शेवटच्या सूचनेचा अर्थ काकूंकडे बसल्यावर कळला. "ताट घासून पाठवते हं," म्हणताना त्यांचा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला आणि थांबला. शोकातल्या घरातून गोड द्यायचं नाही आणि ताट रिकामंही द्यायचं नाही. या कोंडीत माणसाला पडू द्यायचं नसेल तर आपणच म्हणायचं, "राहू दे काकू, मी जाता-येता नेईन." दोन दिवसांनी मी गेले, ताट उचलून आणलं, अभिप्राय विचारला नाही. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकू स्वतः ताट घेऊन दारात आल्या. "यंदा केलंय थोडं," म्हणाल्या. मीही नेहमीसारखं म्हटलं, "अहो, कशाला एवढं!" त्या वर्षी ते वाक्य म्हणता आलं याचंच बरं वाटलं.

आता आम्ही पुण्यात उंच इमारतीत राहतो. इथे फराळ प्लॅस्टिकच्या डब्यात येतो, वर 'डबा परत नको हं' असा निरोप. धुवायची, पोचवायची कटकट नाही, हे खरंच सोयीचं आहे. फक्त डबा परत जात नाही, म्हणून दुसरं बोलणं होत नाही. सारणात खसखस होती का, भाजणी घरची की विकतची, कुणाच्या साखरेचं पथ्य सुरू झालंय, हे सगळं त्या परतीच्या फेरीत कळायचं. मी स्टीलच्या ताटातच देते. शेजारची नवी मुलगी परवा ते परत द्यायला आली, ताटात दोन सफरचंदं. "काकू, चिवड्यातलं खोबरं काळं न पडता कसं तळता?" तिने विचारलं. मंद आचेवर, आणि रंग बदलायला लागला की लगेच काढायचं, असं सांगता सांगता अर्धा तास गेला आणि तिला बाळ होणार आहे हेही समजलं.