‘अर्धा मीटर’ कापू नका : मथळ्यांविषयी काही टिपणे

समजा, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी भुसावळच्या बातमीदाराने बातमीसोबत मथळाही लिहून पाठवला : ‘तापी-पूर्णेच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस झाल्याने हतनूर धरणाचे १६ दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’. सतरा शब्द झाले. तीन कॉलमांत दोन ओळी मिळणार असतील, तर सात-आठ शब्दांपलीकडे काही मावत नाही.

पहिली कात्री कारणावर. पाऊस झाला म्हणून पाणी आले, हे वाचकाला सांगावे लागत नाही. ते बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जाऊ द्या. ‘सतर्कतेचा’ही जाईल, कारण इशारा आणखी कशाचा असतो? ‘धरणाचे’ काढले तरी खान्देशात चालते. हतनूर म्हटले की इथल्या माणसाला धरणच आठवते. हाच मथळा पुण्याच्या आवृत्तीत लावायचा असेल, तर मात्र तो शब्द परत घ्यावा लागेल. उरले ते असे : ‘हतनूरचे १६ दरवाजे अर्धा मीटर उघडले, नदीकाठी इशारा’. आठ शब्द.

कात्री हातात असली की पुढे जाण्याचा मोह होतो. ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ हे तीनच शब्द किती सुटसुटीत! खोटेही नाहीत. पण हतनूरला ४१ दरवाजे आहेत. सोळा दरवाजे अर्धा मीटर वर असणे आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पूर्ण उघडे असणे यांत नदीकाठच्या माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या बातमीने तो पाण्यातली मोटर वर काढून ठेवील, दुसऱ्या बातमीने गुरे हलवील. तीन शब्दांचा मथळा त्याला यांपैकी काय करायचे ते सांगत नाही. शिवाय पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडणे ही नित्याचीच गोष्ट. बातमी आहे ती किती आणि कितपत यात. म्हणून आकडा आणि ‘अर्धा मीटर’ हेच शेवटपर्यंत राखायचे शब्द.

*

विशेषणे आधी कापावीत, हे सगळेच सांगतात. भीषण, धक्कादायक, खळबळजनक यांना काढून कोणी रडत नाही. खरी कसोटी लागते ती बातमीला आवर घालणाऱ्या शब्दांपाशी : शक्यता, प्रस्ताव, कथित, अफवा, किमान, काही. हे शब्द जोर कमी करतात असे वाटते, म्हणून घाईत हेच आधी उडतात. ‘पाऊस होण्याची शक्यता’चे ‘पाऊस होणार’ होते आणि हवामान खात्याने जे म्हटलेच नाही, ते त्याच्या तोंडी जाते. जागाच नसेल तर ‘शक्यता’ऐवजी ‘शक्य’ किंवा ‘चिन्हे’ लिहा. काम भागते.

*

२२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांदरम्यान लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि तिकडून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवले. मृतांचा आकडा दुसऱ्या दिवशी १३ वर गेला.

ही घटना सहा-सात शब्दांत बसवायला घेतली की चुका कुठे दबा धरून आहेत ते कळते. ‘पुष्पक एक्स्प्रेसला आग’ सरळच खोटे, कारण आग नव्हतीच. ‘पुष्पक-कर्नाटक एक्स्प्रेसचा अपघात’ वाचून दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या असे कोणालाही वाटेल. ‘धावत्या गाडीतून उड्या’ म्हटले की थांबलेली गाडी पुन्हा धावू लागते आणि दोष मेलेल्यांच्या माथी जातो. यांतला एकही मथळा मुद्दाम फसवण्यासाठी लिहावा लागत नाही. तो नुसत्या काटछाटीतून तयार होतो.

मी असा लिहिला असता : ‘आगीची अफवा, रुळावर उतरलेल्यांना एक्स्प्रेसने उडवले’. गाड्यांची नावे, पाचोरा आणि मृतांचा आकडा उपमथळ्यात. पहिल्या रात्री आकडा हलता असतो, तेव्हा त्याच्या आधी ‘किमान’ हवेच. या मथळ्याचा सगळा भार ‘अफवा’ या एका शब्दावर आहे.

*

‘जिल्ह्यात’ हे जोडाक्षरांचे रुंद बोजड प्रकरण वाचवायचे म्हणून ‘जळगाव जिल्ह्यात’चे ‘जळगावात’ होते. रावेरची केळी, चोपड्याचा खून, चाळीसगावचा बिबट्या सगळे एका प्रत्ययाने जळगाव शहरात येऊन दाखल होतात. धुळ्याचेही तेच : साक्री आणि शिरपूर ‘धुळ्यात’ जातात. उपाय अगदी सोपा आहे. तालुक्याचेच नाव लिहा. ‘रावेरला’ हा शब्द ‘जळगाव जिल्ह्यात’पेक्षा आखूड तर आहेच, वर नेमकाही आहे.

*

फळपीक विम्याच्या बातमीत क्रियापद फार जपावे. मागणी, प्रस्ताव, मंजूर, वितरित, जमा या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि केळी उत्पादक त्या प्रत्येकीवर ताटकळतो. ‘मंजूर’ असताना ‘मिळाले’ लिहिले, की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पासबुक घेऊन बँकेत उभा असतो.

*

सराफ बाजाराचे मथळे जळगावात बारकाईने वाचले जातात. सोन्यावर ३ टक्के जीएसटी. दहा ग्रॅमचा भाव ९७,१०० असेल तर कर धरून तो १,००,०१३ होतो. म्हणजे एकाच दिवशी एक पेपर ‘सोने लाखावर’ म्हणेल, दुसरा ‘सोने ९७ हजारांवर’, आणि दोन्ही खरे असतील. ‘जीएसटीसह सोने लाखावर’ यात एकच शब्द वाढतो, पण त्याने भांडण मिटते. तो शब्द मथळ्यातच हवा. आत कुठेतरी कंसात टाकून उपयोग नाही.

*

आरोपाच्या मथळ्याबाबत प्रेस कौन्सिलची आचारसंहिता स्पष्ट आहे : आरोप कोणाचा ते सांगा, निदान अवतरणचिन्हे तरी द्या. जागा नाही ही सबब इथे टिकत नाही. ‘वाळू ठेक्यात गैरव्यवहार’ हा निकाल झाला. ‘वाळू ठेक्यात गैरव्यवहार : विरोधक’ हा आरोप राहिला. फरक फक्त विसर्गासारख्या दोन टिंबांचा आणि एका शब्दाचा. प्रश्नचिन्हाने मात्र हे काम होत नाही. ‘वाळू ठेक्यात गैरव्यवहार?’ असे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते आणि वाचकाच्या मनात ते पक्के होऊन बसते.

*

मोबाइलवरच्या मराठी बातम्यांचा लाडका शब्द म्हणजे अवतरणातला ‘या’. ‘खान्देशातील ‘या’ तालुक्यात शाळांना सुटी’. इथे जागा वाचवल्याचा देखावा आहे. नाव लिहिले असते तर एखाददुसरे अक्षर जास्त लागले असते, एवढेच. ‘या’च्या जागी ‘शिरपूर’ घालून पाहा. ज्याला हवी त्याला बातमी तिथेच मिळाली, इतरांना उघडायची गरज उरली नाही. ‘या’ नेमके तेच होऊ देत नाही, कारण त्याला सगळ्याच तालुक्यांतल्या आईबापांची बोटे हवी असतात.

मथळा असा हवा की वाचून झाल्यावर बातमी उघडली नाही तरी माणूस चुकीचे काही घेऊन जाणार नाही. उपसंपादकांनी निदान ‘या’ तरी आजपासून बंद करावा. गावाचे नाव लिहायला जागा नेहमीच असते.