टिंब, स्वल्पविराम आणि दादाचे पैसे

मागच्या वर्षी आम्ही तिघं भावंडं दादाकडे जर्मनीत जमलो होतो. तेव्हाचा सगळा खर्च दादानेच केला. बऱ्याच आग्रहानंतर त्याने हिशेब मेलमध्ये टाईप करून पाठवला :

```
Hotel   1.250
Essen   386
Benzin  72,50
```

एसेन म्हणजे जेवणखाण. ताईने नाशिकला हे एक्सेलमध्ये चिकटवलं, बेरीज केली, तीनने भागलं आणि आम्हाला कळवलं, "प्रत्येकी १२९ युरो." तेवढ्यात तर हॉटेलची एक रात्रही निघाली नसती!

जर्मनीत हजारांना टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, म्हणजे आपल्या बरोबर उलट. ताईच्या कॉम्प्युटरने आपल्या पद्धतीने वाचलं. बाराशे पन्नासचे सव्वा झाले. `72,50` हा त्याला आकडाच वाटला नाही, म्हणून त्याने तो मजकूर धरला, आणि `SUM` मजकूर मुकाट्याने वगळतं. बेरीज आली ३८७.२५, खरी १७०८.५०. प्रत्येकाचा वाटा ५६९ युरो ५० सेंट.

गंमत म्हणजे फॉर्म्युला एवढा शांत नसतो. दादाने मेलमध्ये लिहिलेला हा फॉर्म्युला :

```
=WENN(B2>100;B2/3;B2)
```

इथे चिकटवला की एक्सेल लगेच आरडाओरडा करतं. आपल्याकडे `IF` आणि अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम लागतो. (दशांशासाठी स्वल्पविराम खर्ची पडल्यावर त्या बिचाऱ्यांनी यादीसाठी अर्धविरामच वापरायचा ना!) तीच फाईल `.xlsx` म्हणून पाठवली तर मात्र फॉर्म्युला आपोआप इथल्या रूपात दिसतो. म्हणून मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्या आकड्यांची.

ओळखायचं कसं? कॉलमला स्वतःहून काही अलाइनमेंट दिलेली नसेल, तर आकडा उजवीकडे सरकतो आणि मजकूर डावीकडे राहतो. `72,50` डावीकडेच होता. पण `1.25` मात्र साळसूदपणे उजवीकडे! तो मूळ मेलशी ताडल्याशिवाय सापडत नाही, आणि एकदा सव्वा झाला की त्यातून मूळ `1.250` परत मिळत नाही. म्हणून ताईला सांगितलं, कॉलम आधी Text कर, मग मेलमधले आकडे फक्त मजकूर म्हणून पुन्हा चिकटव आणि शेजारच्या साध्या कॉलममध्ये हे लिही :

```
=NUMBERVALUE(B2,",",".")
```

म्हणजे दशांश कोणता आणि हजार कोणते, हे आपणच सांगायचं. एक्सेल २०१३ पासून हे चालतं.

दादाला फोन केला तर म्हणाला, "अरे, मला वाटलं तुम्ही भारतातल्या दराने दिलेत!" १२९ युरो आले असते तरी तो एक अक्षर बोलला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे.